आठ हजारांची एक ओळ

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी पक्षकारांसाठी एक टिपण लिहिलं होतं. टिपण कसलं, एक ओळच: "प्रतिवादींनी वादीला रु. 8,000 कॉस्ट दोन आठवड्यांत म्हणजे 4 मेपर्यंत द्यायची आहे." सरांनी ते वाचलं, पेन काढलं आणि चार ठिकाणी गोल केले. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "रुपयांचा आकडा तेवढा बरोबर आहे. बाकी परत लिही."

त्यानंतर मी शेकड्यांनी अशी टिपणं लिहिली. तरी कॉस्टची ऑर्डर समोर आली की ते चार गोल आठवतात, म्हणून त्या दाव्याचीच हकिकत सांगते.

दावा वसुलीचा होता. प्रतिवादी एकाच कुटुंबातले तिघं: क्रमांक 1 सासवडचे थोरले काका, क्रमांक 2 त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा पत्नी आणि क्रमांक 3 पुतण्या. समन्स लागल्यावर आधीच्या वकिलांकडून कैफियत वेळेत गेलीच नाही. कोर्टाने विनाकैफियतचा हुकूम केला, ज्याला आम्ही सगळे 'नो डब्ल्यूएस' म्हणतो, आणि दावा वादीच्या पुराव्याला लागला. सात महिन्यांनी ही मंडळी आमच्या ऑफिसात आली. तो हुकूम रद्द करून कैफियत घ्यावी असा अर्ज आम्ही दिला. त्याला निशाणी 34 पडली आणि 17 एप्रिल 2023 रोजी, सोमवारी, त्यावर ऑर्डर झाली.

त्या दिवशी कोर्टात मी नव्हते. रोजनाम्यात एवढंच होतं की निशाणी 34 खर्चाच्या अटीवर मंजूर. पूर्ण ऑर्डर संकेतस्थळावर दिसली ती गुरुवारी, 20 तारखेला. ऑर्डर इंग्रजीत आणि साडेतीन पानांची. शेवटचा भाग मराठीत सांगायचा तर असा: परिच्छेद 6 मधील निरीक्षणांच्या अधीन राहून अर्जदारांनी रु. 8,000 खर्च द्यावा या अटीवर अर्ज मंजूर, पैकी रु. 5,000 वादीस द्यावेत आणि रु. 3,000 जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जमा करावेत. आजपासून दोन आठवड्यांच्या आत पूर्तता न झाल्यास अर्ज नामंजूर समजावा, त्यासाठी वेगळ्या हुकमाची गरज नाही.

मी हा शेवटचा भाग वाचला आणि ओळ लिहून मोकळी झाले. 'पैकी'च्या पुढचं डोळ्यांखालून गेलं, पण डोक्यात शिरलं नाही. आठ हजार आणि दोन आठवडे तेवढे राहिले. घाईत वाचणाऱ्याला आकडे दिसतात आणि विभक्ती प्रत्यय दिसत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिला गोल 'प्रतिवादींनी'वर होता. अर्ज तिघांनी मिळून दिलेला, म्हणून अर्जदार म्हणजे तिघं, असं मी धरलं. पण ऑर्डरच परिच्छेद 6 कडे बोट दाखवत होती. तिथे न्यायाधीशांनी लिहिलं होतं की क्रमांक 2 यांच्यावर समन्सची बजावणी नीट झालेली नाही. त्या राहत नसलेल्या पत्त्यावर ते लावलं गेलं. तेव्हा विलंबाचा दोष त्यांच्या माथी येत नाही आणि खर्चाचा बोजाही त्यांच्यावर टाकता येणार नाही. म्हणजे देणारे दोघंच. माझी ओळ तशीच गेली असती तर त्या बाईंनी सरळ तिसरा हिस्सा काढून दिला असता. त्या कधीच कशाला नाही म्हणत नसत, हे नंतर कळलं.

देणारे दोघं ठरले की लगेच पुढचा प्रश्न येतो: आठ हजार दोघांत मिळून की प्रत्येकी? इथे 'अर्जदारांनी रु. 8,000' अशी एकच रक्कम होती, 'प्रत्येकी' हा शब्द नव्हता, आणि पुढे त्याच आठ हजारांची पाच आणि तीन अशी फोड होती. ती फोड एकाच रकमेची असल्याने शंका उरली नाही. पण दरवेळी इतकं सरळ नसतं. 'क्रमांक 1 ते 4 यांनी रु. 2,000 द्यावेत' असं असलं आणि आजूबाजूला दुसरा काही आधार नसला, तर टिपणात आपल्या मनाने 'मिळून' किंवा 'प्रत्येकी' घालायचं नाही. शब्द जसे आहेत तसे द्यायचे आणि खाली लिहायचं की खुलासा मागावा लागेल. मुंबई उच्च न्यायालयात असा खुलासा किंवा दुरुस्ती मागायला 'स्पीकिंग टू द मिनिट्स' म्हणतात. खालच्या कोर्टात साधा अर्ज द्यावा लागतो. दोघांपैकी कोणी किती घालायचे, हे कोर्ट बघत नाही. एकाने हात आखडता घेतला तर अर्ज दोघांचाही जातो, हे मात्र टिपणात लिहावं लागतं.

दुसरा गोल 'वादीला'वर होता. आठांतले तीन हजार वादीचे नव्हतेच. कॉस्टचा काही भाग विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणं आता नवीन राहिलेलं नाही. पण वादीला सगळे आठ देऊन टाकले असते तर दोन चुका झाल्या असत्या. वादीला तीन जास्त गेले असते, आणि प्राधिकरणाकडे काहीच जमा न झाल्याने अट अपुरी राहून अर्ज नामंजूर झाला असता. पूर्ण रक्कम खिशातून गेलेली आणि तरीही अट मोडलेली, अशी अवस्था. म्हणून मी आता 'कुणाला' या रकान्यात जितके घेणारे तितक्या ओळी करते आणि प्रत्येक ओळीपुढे कुठली पावती लागेल ते लिहिते.

तिसरा गोल तारखेवर. ही चूक अज्ञानातून झाली नव्हती. एका ठिकाणचं ज्ञान मी दुसऱ्या ठिकाणी लावलं होतं. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळतात, हे परीक्षेपासून डोक्यात ठसलेलं. त्यामुळे ऑर्डर ज्या दिवशी हातात आली त्या दिवसापासून मुदत, अशी एक सैल समजूत माझ्या मनात बसली होती. 20 एप्रिलला ऑर्डर दिसली, म्हणून 4 मे. पण ऑर्डर म्हणत होती 'आजपासून', आणि तिचा 'आज' होता 17 एप्रिल. ती संकेतस्थळावर कधी चढली आणि नक्कल कधी मिळाली याच्याशी त्या 'आज'ला देणंघेणं नव्हतं. नक्कल तर 26 तारखेला मिळाली.

पहिला दिवस सोडून मोजायचं, हा जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम 9 मधला नियम. त्याप्रमाणे 17 एप्रिल सोडून चौदावा दिवस 1 मे. सोमवार, महाराष्ट्र दिन, कोर्ट बंद. आदला दिवस रविवार. मी सरांना विचारलं, "मग 2 मे धरायचा ना? कलम 10 आहे." शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कोर्टात करायचं काम पुढच्या कामकाजाच्या दिवशी करता येतं, असं ते कलम सांगतं. सर म्हणाले, "कोर्टात करायचं काम. वादीला पैसे द्यायला कोर्ट कशाला उघडं लागतं?"

हे मी आजवर विसरलेले नाही. रक्कम कोर्टात भरायची असती तर 2 मे धरता आली असती. पण ऑर्डरप्रमाणे पाच हजार वादीच्या हातात जायचे होते, आणि सुट्टीच्या दिवशीही वादी घरीच असतो. समोरच्या बाजूने "मुदत 1 मेला संपली" असा वाद घातला असता तर तो निव्वळ खोडसाळपणा म्हणून उडवून लावता आला नसता. म्हणून टिपणात शेवटचा दिवस 1 मे लिहिला, आणि त्याखाली ठळक अक्षरात: 'शुक्रवार, 28 एप्रिलपर्यंत दोन्ही रकमा द्या.' टिपणात कायद्याने येणारी तारीख असावीच. पण पक्षकाराने भिंतीवर लिहून ठेवायची तारीख वेगळी असू शकते, आणि ती कोणती ते आपणच सांगावं लागतं.

चौथा गोल कुठल्याच शब्दावर नव्हता. ओळ संपल्यावर जी मोकळी जागा होती तिथे सरांनी एक रिकामं वर्तुळ काढलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, 'का?'

मला तेव्हा वाटलं, कारण हे पक्षकाराच्या समाधानासाठी असतं. पैसे किती आणि कधी द्यायचे ते कळलं की झालं. उरलेली ऑर्डर पुन्हा वाचताना उलट दिसलं. कारण कळल्याशिवाय पैसे न भरण्याचा परिणाम काय, हे सांगताच येत नाही. कधीकधी तर तारीखसुद्धा कारणातूनच निघते.

आमच्या ऑर्डरीत परिच्छेद 9 होता. वादीचा एक साक्षीदार नाशिकहून दोनदा आला आणि साक्ष न होता परत गेला, कारण दोन्ही वेळा आमच्या पक्षकारांचे अर्ज मध्ये होते. त्या खेपांचा आणि सात महिन्यांच्या खोळंब्याचा काही मोबदला वादीला मिळाला पाहिजे, म्हणून पाच हजार. कोर्टाचा वेळ गेला, म्हणून तीन हजार प्राधिकरणाला. आणि हे सगळं कैफियत दाखल करू देण्याच्या बदल्यात. म्हणजे ही कॉस्ट दाराला लावलेल्या कुलपासारखी होती. भरली तर दार उघडणार, नाहीतर विनाकैफियतचा हुकूम कायम. वादीने ही रक्कम वसूल करायला कुठे धावायची गरजच नव्हती. आम्ही भरली नसती तर तो खूशच झाला असता.

आता त्याच दिवशीची, त्याच दाव्यातली दुसरी ऑर्डर बघा. वादीने दस्तऐवजांच्या प्रती त्या तारखेला द्यायच्या होत्या, त्या आणल्या नव्हत्या, मुदत मागितली. कोर्टाने अर्जावरच लिहिलं: मंजूर, खर्च रु. 500 प्रतिवादींस. इतकंच. तारीख नाही, 'न भरल्यास' असं काही नाही. तिच्या वेगळ्या टिपणात मी लिहिलं होतं: 'मुदत दिलेली नाही.' वाक्य खरं होतं आणि निरुपयोगी. हा खर्च का बसला, हे एकदा नीट विचारलं की उत्तर सापडतं. तारखेला करायचं काम केलं नाही म्हणून समोरच्याची फुकट गेलेली खेप भरून द्यायला लावलेला हा खर्च आहे. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत 1976 च्या दुरुस्तीने कलम 35ब आलं. ते कलम स्वतःच तारीख सांगतं: ऑर्डरनंतर येणाऱ्या पुढच्या तारखेला हा खर्च दिला पाहिजे, आणि तो दिल्याशिवाय त्या पक्षाला आपली बाजू पुढे चालवता येत नाही. आमची पुढची तारीख होती 19 जून. ऑर्डरीत न लिहिलेली तारीख अशी कारणातून सापडली.

न भरल्याचा परिणामही वेगळा. 35ब खालचा खर्च दिला नाही म्हणून दावा आपोआप निघून जात नाही. मनोहर सिंग विरुद्ध डी. एस. शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. त्या पक्षाचं पुढचं चालवणं थांबतं, आणि ती रक्कम वेगळ्या हुकमाने वसूल करता येते. म्हणजे एकाच दिवशी, एकाच दाव्यात, दोन कॉस्टा होत्या. एकीची तारीख शब्दांत होती, दुसरीची कायद्यात. एक न भरली तर अर्ज जाणार होता, दुसरी न भरली तर माणूस अडणार होता. नुसत्या आकड्यांवरून हे दिसलं नसतं.

तिसराही एक प्रकार असतो, तो निकालाच्या शेवटी येतो: 'दावा खर्चासह मंजूर.' ते वाचून पक्षकार विचारतो किती, आणि निकालपत्रात आकडा नसतो. तो हुकूमनाम्यातल्या तक्त्यात असतो: कोर्ट फी, वकील फी, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता. हुकूमनामा तयार होईपर्यंत टिपणात रक्कम लिहायचीच नाही. जिंकलेल्याला खर्च दिला नसेल तर कोर्टाने त्याची कारणं लेखी द्यावी लागतात; तेव्हा 'ज्याचा त्याने सोसावा' असं दिसलं की मी मागे जाऊन कारण शोधते. सापडलं नाही तर तेही टिपणात लिहिते, कारण अपील करायचं की नाही हे ठरवताना सरांना ते लागतं.

नवं टिपण सरांनी मंजूर केलं ते असं होतं:

'निशाणी 34: कैफियत दाखल करायला परवानगी मिळाली, पण अटीवर. देणार: प्रतिवादी 1 व 3, दोघं मिळून. प्रतिवादी 2 यांनी काहीही द्यायचं नाही (समन्स नीट लागलं नव्हतं, परि. 6). घेणार: वादी रु. 5,000, वकिलांमार्फत, सही घेऊन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रु. 3,000, पावती घेऊन. का: साक्षीदाराच्या दोन खेपा आणि सात महिन्यांचा विलंब (परि. 9). शेवटचा दिवस 1 मे, सुट्टी; शुक्रवार 28 एप्रिलपर्यंत द्या. न दिल्यास: कैफियतीचा अर्ज आपोआप नामंजूर.

वादीचा मुदतीचा अर्ज: वादीने प्रतिवादींना रु. 500 द्यायचे. का: प्रती आणल्या नाहीत. केव्हा: पुढच्या तारखेला, 19 जून. न दिल्यास वादीला पुढे चालवता येणार नाही.'

हे टिपण फोनवर पाठवल्यावर थोरल्या काकांचा फोन आला. "मॅडम, दंड झाला म्हणजे आपण हरलो का?"

"काका, दंड नाही हा. अर्ज तर आपला मंजूर झालाय. समोरच्याचा खर्च वाया गेला, तो भरून द्यायचाय."

"मग त्यांच्याकडून पाचशे यायचेत ना? ते वजा करून साडेचार देतो."

हा प्रश्न मी तोवर कल्पिलाच नव्हता. हिशेबी माणसाला तो सहज सुचतो, आणि व्यवहारात तसा चुकीचाही नाही. पण एका खर्चातून दुसरा वळता करायचा तर कोर्टाने तसं सांगावं लागतं, आणि इथे सांगितलेलं नव्हतं. अट पाच हजारांची होती. साडेचार देऊन ती पुरी झाली असती का, यावर पुढे चार तारखा गेल्या असत्या. शिवाय देणारे दोघं होते आणि पाचशे घेणारे तिघं, तेव्हा हिशेबसुद्धा जुळत नव्हता. "पूर्ण पाच द्या," मी म्हटलं. तेव्हापासून टिपणात एकाच दिवशी उलटसुलट कॉस्टा असल्या की मी एक ओळ जास्तीची लिहिते: 'वजावट करू नये.'

प्राधिकरणाची पावती मंगळवारी, 25 तारखेला मिळाली. वादीच्या वकिलांनी मात्र पैसे घ्यायला का-कू केलं. "पक्षकार वर जायचं म्हणतोय," ते म्हणाले. त्यांची अडचण मला समजत होती. अटीवरच्या ऑर्डरीखाली पैसे घेतले की ऑर्डर मान्य केली असा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध होऊ शकतो. पण आमची मुदत त्यांच्या विचारासाठी थांबणार नव्हती. आम्ही गुरुवारी त्यांना पत्र दिलं की रक्कम घेऊन आलो होतो आणि तुम्ही घेतली नाही. शुक्रवारी सकाळी पाच हजार कोर्टात भरायची परवानगी मागणारा अर्ज आणि त्याला ते पत्र जोडलं. परवानगी मिळाली, आमच्या कारकून काकांनी नाझरकडे रक्कम भरली, आणि दोन्ही पावत्यांसह पूर्ततेची पुरसीस दुपारपर्यंत दाखल झाली. शुक्रवारऐवजी सोमवार धरला असता तर त्या दिवशी परवानगी द्यायला कोर्टच नव्हतं.

वादी वर गेला नाही. 19 जूनला त्याच्या वकिलांनी पाचशेची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि मी अर्जावर 'मिळाले' लिहून सही केली. बाहेर व्हरांड्यात तिघंही उभे होते. मी नोट थोरल्या काकांकडे दिली. त्यांनी ती खिशात घातली, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "यातले काकूचे किती? ऑर्डर बघा ना मॅडम, 'प्रतिवादींस' म्हटलंय. म्हणजे तिघांना ना?" काकूंनी "राहू दे रे" म्हटलं. मी फोनवर अर्जाचा फोटो उघडून पुन्हा वाचू लागले.